सूचना: शेअर्ड ड्राइव्हवरील वैयक्तिक फाइल्स 24 जुलैपर्यंत काढून घेणे

दिनांक: 6 जुलै 2026
प्रति: सर्व विभागांतील सर्व कर्मचारी
प्रेषक: माहिती तंत्रज्ञान विभाग

सहकाऱ्यांनो,

आपण सगळे रोज वापरतो तो `S:` ड्राइव्ह 25 आणि 26 जुलै (शनिवार-रविवार) या दोन दिवसांत नव्या सर्व्हरवर हलवायचा आहे. त्याआधी, म्हणजे शुक्रवार, 24 जुलै 2026, संध्याकाळी 6 वाजेपर्यंत, या ड्राइव्हवर ठेवलेल्या आपल्या वैयक्तिक फाइल्स प्रत्येकाने स्वतः काढून घ्याव्यात. सहानंतर ड्राइव्ह फक्त वाचण्यापुरता उघडा राहील. त्यावर काही सेव्ह करता येणार नाही आणि त्यातून काही पुसताही येणार नाही.

नव्या सर्व्हरवर फक्त विभागांची फोल्डर जातील. `Common`, `Scan` आणि ड्राइव्हच्या अगदी वरच्या पातळीवर सुटी पडलेली फोल्डर जाणार नाहीत. `Common` मध्ये कार्यालयाचे काही कामाचे ठेवले असेल तर तेही याच मुदतीत आपल्या विभागाच्या फोल्डरमध्ये हलवा.

हे आत्ताच का, असे काहींनी विचारले. 8 टीबीच्या ड्राइव्हमध्ये 7.4 टीबी भरले आहे. रात्री 10 वाजता सुरू होणारा बॅकअप पूर्वी पहाटेपर्यंत आटोपायचा, आता सकाळी साडेनऊपर्यंत चालतो. सकाळी पहिला तासभर फाइल उघडायला वेळ लागतो, अशी लेखा विभागाची तक्रार आहे. त्याचे मोठे कारण हेच आहे. तुमच्या सहलीचा एक व्हिडिओ ड्राइव्हवर एकदा ठेवला की त्याची जागा बॅकअपमध्येही धरली जाते.

पण जागेपेक्षा मोठी काळजी वेगळी आहे. `Common` फोल्डर कार्यालयातला प्रत्येक जण उघडू शकतो. गेल्या आठवड्यात आम्ही फोल्डरांची आणि फाइल्सची फक्त नावे आणि आकार पाहिले, फाइल्स उघडल्या नाहीत. नुसत्या नावांवरूनही पुरेसे कळले. मुलांच्या शाळेचे दाखले, घरातल्या माणसांचे वैद्यकीय अहवाल, कर्जाची कागदपत्रे, ओळखपत्रांच्या स्कॅन प्रती आणि ‘पासवर्ड’ नावाच्या तीन एक्सेल फाइल्स. कुणी मुद्दाम उघड्यावर ठेवले असेल असे नाही. स्कॅनर आपोआप `Scan` मध्ये फाइल टाकतो. आपण ती मेलने पाठवतो आणि मूळ प्रत तिथेच विसरतो. त्या फोल्डरमध्ये चार वर्षांपूर्वीचे स्कॅनही पडून आहेत. घरचा एखादा कागद कधी या स्कॅनरवर घातला असेल, तर सुरुवात तिथूनच करा.

वैयक्तिक कशाला म्हणायचे, याची एक सोपी कसोटी सांगतो. तुम्ही उद्या रजेवर गेलात आणि तुमच्या जागी दुसरा माणूस बसला, तर त्याला ती फाइल कामासाठी लागेल का? लागणार असेल तर ती कार्यालयाची, मग ती तुम्ही घरी बसून का तयार केलेली असेना. लागणार नसेल तर ती तुमची. कुटुंबाचे फोटो, गाणी, चित्रपट, स्वतःचा बायोडेटा, कराची विवरणे, मोबाइलचा बॅकअप हे सगळे यात येते. पगारपत्रकाची तुम्ही उतरवून घेतलेली प्रत तुमची, मनुष्यबळ विभागाच्या फोल्डरमधली मूळ फाइल मात्र कार्यालयाची. कार्यालयाच्या कार्यक्रमांचे फोटो ड्राइव्हवरून हलवू नका, ते प्रशासन विभागाच्या फोल्डरमध्ये एकत्र करणार आहोत. ज्याबद्दल ठरवता येत नाही ती फाइल पुसू नका, विभागप्रमुखांना विचारा.

आपल्या फाइल्स कुठे कुठे आहेत हेच आठवत नसेल, तर ते शोधता येते. फोल्डर उघडून वर View मध्ये Details निवडा. मग Name, Size वगैरे लिहिलेल्या पट्टीवर उजवी क्लिक करा, More मध्ये जा आणि Owner वर खूण करा. प्रत्येक फाइलसमोर ती बनवणाऱ्याचे लॉगिन नाव दिसेल आणि त्या रकान्यावर क्लिक केले की एकाच नावाच्या फाइल्स एकत्र येतील. स्कॅनरवरून आलेल्या फाइल्सना मात्र स्कॅनरचेच नाव असते, त्या तारखेवरून शोधाव्या लागतील. मोठ्या फाइल्स आधी हाताशी घ्यायच्या असतील तर उजवीकडच्या शोधपेटीत एवढे टाइप करा:

```
size:>500MB
```

आता फाइल्स काढायच्या कशा, याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण नुकसान होते ते इथेच.

`S:` वरून पुसलेली फाइल तुमच्या संगणकाच्या रिसायकल बिनमध्ये जात नाही. नेटवर्क ड्राइव्हवर Delete दाबले की ती थेट जाते. म्हणून कट-पेस्ट करू नका. मोठे फोल्डर कट करून हलवताना मध्येच नेटवर्क तुटले की अर्धे इकडे, अर्धे तिकडे अशी गत होते आणि काय राहिले ते मोजत बसावे लागते. आधी कॉपी करा. मग दोन्हीकडच्या फोल्डरवर उजवी क्लिक करून Properties मध्ये फाइल्सची संख्या आणि आकार जुळतो का पाहा. चार-दोन फाइल्स नव्या जागेवरून प्रत्यक्ष उघडून बघा. त्यानंतरच `S:` वरची प्रत पुसा.

डेस्कटॉपवरच्या फोल्डरच्या चिन्हावर लहानसा बाण असेल तर तो शॉर्टकट आहे, फोल्डर नव्हे. मागे एका सहकाऱ्यांनी ‘फोटो’ नावाचे असे चिन्ह पेन ड्राइव्हवर घेतले आणि निश्चिंत झाले. घरी जाऊन पाहिले तर एक-दोन केबीची एकच फाइल, बाकी काही नाही. त्यांचे मूळ फोल्डर अजून ड्राइव्हवर होते म्हणून बचावले.

दुसऱ्या एका सहकाऱ्यांचे बचावले नाही. मी पूर्वी जिथे काम करत होतो तिथली ही गोष्ट. तिथेही अशीच साफसफाई झाली होती आणि आम्ही दोन ओळींची सूचना लावून आठ दिवसांची मुदत दिली होती. ते गृहस्थ तेव्हा दीर्घ रजेवर होते. वडील गेल्यानंतर त्यांच्या आवाजाची काही रेकॉर्डिंग त्यांनी कार्यालयाच्या ड्राइव्हवर ठेवली होती, कारण घरचा संगणक बिघडला होता. दुसरी प्रत कुठेच नव्हती. ते परत आले तेव्हा फाइल्स पुसून चाळीस दिवस झाले होते आणि आमचा बॅकअप तीस दिवसांचा होता. मी दोन रात्री बसून शोधले. काही मिळाले नाही. त्यांनी मला एक शब्दही बोलून दाखवला नाही, पण ती सूचना मी लिहिली होती आणि रजेवरच्या माणसांना फोन करायचे माझ्या मनातही आले नव्हते.

म्हणून या वेळी व्यवस्था वेगळी ठेवली आहे. सध्या दीर्घ रजेवर असलेल्या प्रत्येकाला आम्ही या आठवड्यात फोन करणार आहोत. तुमच्या शेजारी बसणारे कुणी रजेवर असेल तर तुम्हीही त्यांच्या कानावर घाला. 24 तारखेनंतरही मागे राहिलेल्या फाइल्स लगेच पुसणार नाही. त्या 14 ऑगस्टपर्यंत जुन्या सर्व्हरवर कुलूपबंद राहतील. त्या काळात फाइल हवी असल्यास स्वतः लेखी अर्ज करावा, दुसऱ्याच्या वतीने आलेला अर्ज घेणार नाही. 14 ऑगस्टनंतर जुन्या डिस्क पूर्ण पुसल्या जातील आणि जुने बॅकअपही 30 दिवसांत संपतील. मग आमच्याही हातात काही उरणार नाही.

फाइल्स न्यायच्या कशात, हा प्रश्न येणारच, कारण आपल्या संगणकांवर पेन ड्राइव्ह चालत नाहीत. ते बंदच राहतील. त्याऐवजी 13 जुलैपासून 24 जुलैपर्यंत रोज दुपारी 3 ते 5 दुसऱ्या मजल्यावर आमच्या खोलीत एक संगणक खास यासाठी ठेवला आहे. स्वतःचा पेन ड्राइव्ह किंवा हार्ड डिस्क घेऊन या. आधी ती व्हायरससाठी तपासली जाईल, मग तुम्ही स्वतःच्या लॉगिनने बसून कॉपी करा. पडद्याकडे आमच्यापैकी कुणी पाहत बसणार नाही. 50 जीबीपेक्षा जास्त असेल तर आदल्या दिवशी कळवा, म्हणजे वेळ राखून ठेवता येईल. शेवटच्या दोन दिवसांत गर्दी होणार हे नक्की, तेव्हा पहिल्या आठवड्यात उरकलेले बरे. कार्यालयाच्या मेलवरून स्वतःच्या खाजगी मेलवर फाइल्स पाठवू नका. त्याने मेल सर्व्हर तुंबतो आणि चुकून कार्यालयाची फाइल बाहेर गेली तर तुम्हालाच त्रास होईल.

दोन गोष्टी कृपया करू नका. दुसऱ्याची फाइल, ती कितीही निरुपयोगी वाटली तरी, पुसू नका. आणि वैयक्तिक फोल्डर विभागाच्या फोल्डरमध्ये सरकवून ‘जुने रेकॉर्ड’ असे नाव देऊ नका. ते नव्या सर्व्हरवर जाईल खरे, पण तिथेही ते सगळ्या विभागाला दिसेल.

नोकरी सोडून गेलेल्या सहकाऱ्यांच्या नावाची अकरा फोल्डर अजून ड्राइव्हवर आहेत. त्यातले कामाचे काय आणि त्यांचे खाजगी काय, हे संबंधित विभागप्रमुखांनी 17 जुलैपर्यंत आम्हाला कळवावे. खाजगी असेल ते त्यांच्यापर्यंत पोहोचवण्यासाठी मनुष्यबळ विभाग संपर्क करेल.

ज्यांना संगणकावर हे सगळे करणे अवघड वाटते त्यांनी संकोच करू नये. अंतर्गत क्रमांक 214 वर फोन करा, आमच्यापैकी एक जण तुमच्या टेबलापाशी येईल आणि तुमच्यासोबत बसून फाइल्स शोधून देईल. फक्त पुसण्याचे बटण तुम्हीच दाबायचे.

आपल्या फाइल्स काढून झाल्या, किंवा आपले काहीच नाही अशी खात्री झाली, की आपल्या विभागाच्या यादीत नावापुढे सही करा. यादी प्रत्येक विभागप्रमुखांकडे दिली आहे. 22 जुलैला ज्यांची सही नसेल त्यांना आम्ही स्वतः येऊन विचारू.

विभागप्रमुख
माहिती तंत्रज्ञान विभाग