काटा ते बिल, ताळा लागलेला: आपल्या ब्रँडची भूमिका, हंगामापूर्वीची नोंद

मंडळी,

हे पान सगळ्यांसाठी आहे. विक्रीवाल्यांसाठी तर आहेच, पण सपोर्टचा फोन उचलणाऱ्यांसाठी आणि कोटेशन टाइप करणाऱ्यांसाठीही आहे. गेल्या वर्षी माहितीपत्रकावर पैसे घालताना मी विचार कमी केला होता. या वेळी आधी आपण कोण आहोत ते ठरवू, छपाईचं नंतर बघू.

सुरुवात गेल्या जुलैतल्या एका बैठकीपासून करतो. कारखान्याचं नाव नको, आपल्यातले तिघे तिथे होते. लांब टेबलाभोवती नऊ माणसं. पोह्यांच्या बशा बाजूला सरकवलेल्या, मध्ये तीन कोटेशनांचा तुलनात्मक तक्ता. आपला डेमो चाळीस मिनिटं झकास चालला. मोबाइलवर ऊस नोंद, नकाशावर प्लॉट, काट्यावरून थेट वजन, सगळं दाखवलं. दोन संचालकांनी तर माना डोलावल्या. चीफ अकाउंटंट मात्र स्क्रीनकडे बघतच नव्हते. त्यांनी आपलं कोटेशन पालथं घातलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलने दोनच शब्द लिहिले: ‘बंद पडल्यास?’ कागद शेजारच्याकडे सरकवला. तो कागद टेबलाला वळसा घालून एमडी साहेबांपर्यंत गेला, आणि ते म्हणाले, “चांगलं आहे. पुढच्या हंगामात बघू.”

तक्त्यात आपण दुसरे होतो. पण ऑर्डर पहिल्यालाही मिळाली नाही. त्या कारखान्यात आजही जुना फॉक्सप्रोचा प्रोग्राम चालतो. तो लिहिणारा माणूस कधीच पुण्याला गेला आणि मायक्रोसॉफ्टने व्हिज्युअल फॉक्सप्रोचा आधार जानेवारी 2015 मध्येच काढून घेतला. तरीही तोच चालतो. म्हणजे आपला प्रतिस्पर्धी पुण्या-मुंबईची मोठी कंपनी नाही, हे आधी डोक्यात पक्कं करा. ‘पुढच्या हंगामात बघू’ हे वाक्य आपला प्रतिस्पर्धी आहे.

ते वाक्य का येतं? सहकारी कारखान्यात चांगली खरेदी केली म्हणून कुणाचा सत्कार होत नाही. वाईट झाली तर मात्र लेखापरीक्षणात मुद्दा निघतो, कलम 83 ची चौकशी लागू शकते, आणि कलम 88 खाली नुकसानीची जबाबदारी वैयक्तिक माणसावर येऊ शकते. घरी नोटीस येते, शेतावर बोजा चढायची भीती असते. नऊ जणांपैकी प्रत्येकाला ‘नाही’ म्हणता येतं. एकट्याच्या ‘हो’ला किंमत नसते आणि ‘हो’ म्हणण्यात एकट्याचा फायदाही नसतो. अशा टेबलासमोर आपण वेग आणि फीचर मांडत होतो. त्यांना हवा होता तो उद्या देता येईल असा जबाब.

म्हणून आपली भूमिका एका वाक्यात अशी:

मराठवाड्यातल्या सहकारी साखर कारखान्यांच्या ज्या खरेदी समितीला आज केलेल्या सहीचं उत्तर पाच वर्षं द्यावं लागतं, तिच्यासाठी आपण काट्यापासून ऊसबिलापर्यंतचा असा हिशोब आहोत, ज्याची प्रत्येक नोंद लेखापरीक्षकाला, सभासदाला आणि उद्याच्या संचालक मंडळाला जशीच्या तशी दाखवता येते.

यातला ‘उद्याच्या संचालक मंडळाला’ हा तुकडा कुणीही गाळू नका. पॅनेल बदललं की आधीच्यांनी घेतलेलं सॉफ्टवेअर ‘त्यांचं’ होतं आणि बंद पडतं. हे आपण दोनदा भोगलंय. एकदा तर माहितीपत्रकावर चेअरमन साहेबांचा फोटो आपणच हौसेनं छापला होता. आता आपल्या कुठल्याही कागदावर कुणा पुढाऱ्याचा फोटो नाही, कुठल्या पॅनेलच्या रंगाची पट्टी नाही. मोळीपूजनाला बोलावलं तर जायचं, हार घालायचा, पण बॅनर लावायचा नाही.

घोषवाक्य: काटा ते बिल, ताळा लागलेला.

‘ताळा’ हा शब्द मुद्दाम घेतलाय. तो अकाउंटंटचा शब्द आहे, सभासदालाही कळतो आणि त्यात कुणावर आरोप नाही. याउलट ‘पारदर्शक’ हा शब्द आजपासून बंद. विकणाऱ्याला तो गोड वाटतो, पण ऐकणाऱ्याला वाटतं की आत्तापर्यंत इथे काय अंधार होता का? सही करणारे तेच लोक असतात, ज्यांनी आत्तापर्यंतचा कारभार केलाय. ‘काटामारी’ तर बैठकीत, फोनवर, गमतीतसुद्धा नको. शेतकऱ्यांच्या मनात ती शंका आहे हे त्यांनाही माहीत आहे, आपणही जाणतो. बोलायचं ते एवढंच: वजनाची नोंद काट्यावरून थेट येते, हाताने बदलली तर कुणी, कधी, का बदलली ते मागे राहतं. पुढचं ज्याचं त्याला समजतं. ‘क्रांती’, ‘झेप’, ‘जागतिक दर्जा’ हेही शब्द गाळा.

आता टेबलाभोवतीच्या माणसांकडे येऊ. ब्रँड एकच आहे, पण प्रत्येकाला त्याची वेगळी बाजू दिसते.

चीफ अकाउंटंटना पहिली भीती 14 दिवसांची. ऊस आल्यापासून 14 दिवसांत पैसे द्यायचे, नाहीतर ऊस नियंत्रण आदेश, 1966 प्रमाणे उशिरावर वर्षाला 15 टक्के व्याज. जानेवारीत बिल अडकलं तर दोष सॉफ्टवेअर कंपनीवर जात नाही, त्यांच्यावर येतो. म्हणून त्यांच्याशी स्क्रीनवरून बोलायचं नाही. मागच्या हंगामातला एक पंधरवडा मागायचा, त्याची बिलं आपल्या प्रोग्राममधून काढायची आणि दोन्ही गोषवारे शेजारी ठेवायचे. तोडणी-वाहतूक, मुकादमांच्या उचलीची कपात, सोसायटीची वसुली, सगळं आलं पाहिजे. रुपयाचा फरक निघाला तर तो आधी आपण दाखवायचा. या पंधरवड्याच्या ताळ्याचे पैसे घ्यायचे नाहीत. जाहिरातीवरचा आपला बहुतेक खर्च इथेच होईल.

मुख्य शेतकी अधिकाऱ्यांचं प्रकरण नाजूक आहे. आडसाली, पूर्वहंगामी, सुरू, खोडवा असा तोडणी प्रोग्राम लावणं त्यांच्या हातात असतं आणि गावोगावचे फोनही त्यांनाच येतात. “प्रोग्राम आता कॉम्प्युटर लावेल” असं आपला एक पोरगा बोलून गेला आणि ते साहेब पुढच्या बैठकीला आलेच नाहीत. खरं तर त्यांना हवी असते ती ढाल. “माझ्या पाहुण्याची तोड आधी का नाही?” असं विचारणाऱ्याला लागवडीच्या तारखेचा क्रम दाखवता आला की फोन कमी होतात. क्रम बदलायचा अधिकार त्यांचाच राहतो. फक्त बदलाचं कारण लिहिलं जातं.

ईडीपी इन-चार्जला आपण आजवर चहा पाजून विसरत आलो. “आपल्या सर्व्हरला हे झेपणार नाही” या एका वाक्यात तो सहा महिन्यांची मेहनत मोडू शकतो, कारण त्या टेबलावर त्याला खोडून काढणारं कुणी नसतं. त्याला धास्ती असते की नवीन प्रोग्राम आला की आपली खुर्ची गेली. म्हणून त्याच्याशी सगळ्यात आधी बोलायचं, डेमोच्या आधी. काट्यावर लाईट गेली, नेट गेलं तर काय होतं हे त्याला स्वतः केबल काढून बघू द्यायचं. हंगामात आपला माणूस पहिला फोन त्यालाच करेल, हे लेखी द्यायचं.

संचालकांना 30 सप्टेंबरच्या आत होणाऱ्या वार्षिक सभेत उठून उत्तर द्यायचं असतं, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. त्यांच्यासाठी एक पान, मोठ्या अक्षरात, मराठीत. एमडी साहेबांना तारीख द्या: दसऱ्याच्या आत चालू होणार की नाही. ऑक्टोबरनंतर आलेली ऑर्डर आपण त्या हंगामासाठी घेणार नाही, कितीही मोठी असली तरी. बॉयलर पेटल्यावर प्रोग्राम बदलायला लावणारा आपला नव्हे.

किमतीबद्दल. एल-1 च्या शर्यतीत आपण बहुतेक वेळा दुसरे-तिसरे असू आणि त्याची लाज नको. पण एक मोह टाळायचा. “तुम्हीच टेंडरच्या अटी लिहून द्या, तुम्हाला बसतील अशा” असं काही ठिकाणी आपुलकीनं सांगतात. लिहून द्यायच्या नाहीत. एकालाच बसणाऱ्या अटी म्हणजे त्याच समितीच्या चौकशीचं पहिलं पान, आणि आपण तर त्यांची सही सुरक्षित ठेवायला निघालोय. फार तर विचारा, की निविदापूर्व बैठकीत सगळ्यांसमोर हे प्रश्न ठेवाल का: डेटा कुणाचा, कोणत्या स्वरूपात परत मिळेल, कंपनी बंद पडली तर काय, दुरुस्तीची नोंद राहते का. उत्तर सगळ्यांनी द्यावं. आपलं उत्तर तयार आहे.

पुरावा म्हणून एमडींची शिफारसपत्रं आता फाईलच्या तळाशी. अकाउंटंटचा विश्वास अकाउंटंटवर बसतो. आपल्या सहा कारखान्यांपैकी जिथे परवानगी मिळेल तिथे समितीला हंगाम चालू असताना न्यायचं, तेही रात्री. ट्रॅक्टरची रांग लागलेली असताना, थंडीत, काट्यावरचा पोरगा डोळे चोळत स्लिप काढत असताना प्रोग्राम कसा वागतो ते त्यांना बघू द्या. आपला माणूस तिथे गप्प उभा राहील. लातूरच्या ऑफिसातल्या एसीतला डेमो यापुढे फक्त शिकाऊंसाठी.

बाहेरून कुणी विचारलं की तुम्ही मोठ्या ईआरपीसारखे का नाही, तर सरळ सांगा: आम्ही पगार, स्टोअर, डिस्टिलरी करत नाही. ऊस नोंदीपासून बिलापर्यंत करतो, तेवढंच करतो, आणि ते मोठ्या ईआरपीला जोडूनही देतो. ही मर्यादा लपवायची नाही. सावध माणसाला सगळं करणाऱ्याचीच भीती जास्त वाटते.

पेन्सिलवाल्या त्या दोन शब्दांना आपलं उत्तर कोटेशनच्या शेवटी, बारीक अक्षरात होतं. एक मेपासून ते पहिल्या पानावर येईल, किमतीच्या आधी. मजकूर वकिलांनी बघितलाय, शब्द बदलू नका:

‘आम्ही बंद पडलो तर: या प्रोग्रामचा सोर्स कोड त्रयस्थ संस्थेकडे ठेवलेला असेल आणि तो कारखान्याला मिळेल. आपला सर्व डेटा आपलाच आहे. तो दर महिन्याच्या शेवटी एक्सेलमध्ये उघडेल अशा स्वरूपात आपल्या ईडीपी विभागाकडे दिला जाईल, त्यासाठी आम्हाला विचारावं लागणार नाही. आपण आम्हाला बंद करायचं ठरवलं, तर हंगाम संपेपर्यंत आमचा माणूस काट्यावर राहील.’

त्या खाली अर्धं पान कोरं सोडा. समितीतल्या कुणाला पेन्सिलने आणखी काही लिहायचं असेल तर जागा हवी.