ताट तेच, माप नवं

नमस्कार मंडळी. सकाळचं तपासणीचं रक्त देऊन झालं, नाश्ताही झाला. आता थोडा वेळ मला द्या. मी या रुग्णालयात आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. तुम्हा सगळ्यांना मधुमेह आहे, पण आज तुम्हाला खाण्याचा छापील तक्ता देणार नाही. तो घरी जाऊन फ्रिजवर लागतो आणि तिथेच राहतो. त्यापेक्षा हे समोरचं ताट बघा. साधं स्टीलचं, आपल्या घरातलं असतं तसंच.

इथे बसलेले बहुतेकजण पंचेचाळीस ते साठच्या मधले आहात. घर, नोकरी, मुलांची शिक्षणं, आईवडिलांची दुखणी, सगळं तुमच्याच खांद्यावर आहे. त्यात स्वतःसाठी वेगळा स्वयंपाक कोण करणार? करूही नका. घरात सगळ्यांसाठी जे शिजतं तेच तुम्ही खायचं आहे, फक्त ताटातल्या जागा बदलायच्या आहेत.

हे बघा, ताटाचा अर्धा भाग मी भाजी आणि कोशिंबिरीने भरते. दीड वाटी पालेभाजी किंवा फळभाजी, शिवाय काकडी, टोमॅटो, मुळा, जे असेल ते. बटाटा मात्र या भागात धरायचा नाही, त्याची जागा पोळी-भाताच्या भागात. उरलेल्या अर्ध्यातला अर्धा भाग प्रथिनांचा: एक वाटी घट्ट वरण किंवा उसळ, नाहीतर दोन अंडी, नाहीतर तळहाताएवढा माशाचा किंवा चिकनचा तुकडा. आता जो पाव भाग राहिला, तेवढाच पोळी, भाकरी, भाताचा. एरवी आपल्या ताटात नेमकं उलटं असतं. चार पोळ्या, वर भाताचा ढीग आणि भाजी तोंडी लावण्यापुरती.

पाव भाग म्हणजे नक्की किती? बऱ्याच जणांना दोन मध्यम फुलके पुरतात. भात हवा असेल तर एक फुलका कमी करून अर्धी वाटी शिजलेला भात घ्या, कारण वाटीभर भातात साधारण दोन लहान फुलक्यांइतकं पिष्ट असतं. ही वाटी दीडशे मिलिलिटरची. आज घरी गेल्यावर आपली वाटी पाण्याने भरून मोजपात्रात ओतून बघा. काही घरांतली वाटी अडीचशेची निघते. मग रोज 'एकच वाटी' खाऊनही साखर का चढते, ते कळत नाही. कष्टाचं काम असेल, वजन कमी असेल किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल, तर तुमचं माप वेगळं असणार. ते माझ्याशी बसून ठरवू.

आत्ता नाश्त्याच्या वेळी एका ताईंनी विचारलं, 'ज्वारीची भाकरी तर चालते ना, कितीही?' चालते, पण कितीही नाही. भाकरीत भातापेक्षा तंतू जास्त, पोट भरलेलं राहतं, म्हणून ती चांगलीच. पण एक मोठी भाकरी म्हणजे पिठाच्या हिशेबाने अडीच-तीन फुलके. तेव्हा एका जेवणाला एक मध्यम भाकरी घ्या आणि त्या दिवशी भात सोडा. गूळ आणि मधाचंही तसंच आहे. ते साखरेपेक्षा निराळे वाटतात, पण रक्तात गेल्यावर साखरच वाढवतात.

आता चहा. चार कप चहा, प्रत्येक कपात दोन चमचे साखर, म्हणजे दिवसाला आठ चमचे, साधारण चाळीस ग्रॅम. महिन्याला सव्वा किलोच्या आसपास साखर नुसत्या चहातून जाते. एकदम बंद करवत नसेल तर या आठवड्यात दोनाचा एक चमचा करा, पुढच्या आठवड्यात अर्धा. जीभ लवकर सरावते, हे मी रोज बघते. चहासोबतची बिस्किटं मात्र थांबवा. 'शुगर फ्री' लिहिलेलं बिस्किटही बहुतेक वेळा मैद्याचंच असतं. चार-पाचच्या सुमाराला भूक लागते तेव्हा मूठभर भाजलेले चणे किंवा छोटी मूठ शेंगदाणे खा. फळ खायचं तर एका वेळी एक लहान सफरचंद, एक पेरू किंवा अर्धं केळं, आणि तेही चावून. रस काढला की तीन-चार फळं एका ग्लासात जातात आणि चोथा टाकून देतो, त्यामुळे साखर झपकन चढते.

तेलाचा हिशेब किराणा आणताना करा. माणशी महिन्याला अर्धा लिटर, म्हणजे चौघांच्या घरात दोन लिटर. घरात पाच लिटरचा डबा महिनाभरात संपत असेल, तर तळण कुठे होतंय ते शोधा.

आणखी एक सोपी गोष्ट. जेवायला बसल्यावर आधी कोशिंबीर, भाजी आणि वरण खायला सुरुवात करा, पोळी-भात नंतर. जेवण तेवढंच राहतं, पण नंतरची साखर कमी चढते.

आणि मग चालणं. पायाचे स्नायू काम करायला लागले की ते रक्तातली साखर थेट ओढून घेतात. इन्सुलिन नीट काम करत नसलं तरी हा मार्ग उघडा असतो. म्हणून जेवण झाल्यावर सोफ्यावर टेकण्याआधी दहा ते पंधरा मिनिटं चाला. घरातल्या घरात, गॅलरीत, जिन्याखाली, कुठेही. एकूण आठवड्याला दीडशे मिनिटं भरायला हवीत, म्हणजे रोज तीस मिनिटं, पाच दिवस. एका दमात नाही जमलं तर दहा-दहाचे तीन तुकडे करा. सलग दोन दिवस मात्र खाडा नको, कारण चालण्याचा परिणाम एक-दोन दिवसच टिकतो. वेग कसा ओळखायचा? बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये, इतका.

आता हे नीट ऐका. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेत असाल, तर उपाशीपोटी लांब चालायला जाऊ नका. खिशात ग्लुकोज किंवा साखरेची पुडी ठेवा. हात थरथरले, दरदरून घाम आला, धडधडलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर तिथेच बसा आणि तीन चमचे साखर पाण्यातून घ्या. पंधरा मिनिटांनी साखर तपासा. सत्तरच्या खाली असेल तर पुन्हा तेवढीच घ्या, आणि बरं वाटल्यावर काहीतरी खा. मागाहून डॉक्टरांना नक्की सांगा, गोळीचं प्रमाण बदलावं लागतं. ते स्वतःहून बदलू नका. चालताना छातीत दुखलं, दाटून आलं तर थांबा आणि लगेच रुग्णालय गाठा, 'पित्त असेल' म्हणून घरी बसू नका.

पायांबद्दलही सांगते. अनवाणी चालायचं नाही, घरातसुद्धा. बूट घालण्याआधी आत हात फिरवून खडा बघायचा. रात्री तळवे आरशात बघायचे, बोटांच्या बेचक्यासुद्धा. बधिर पायाला फोड आलेला कळत नाही, आणि तो फोड आठवड्यात जखम होऊन बसतो.

तळव्यांना मुंग्या येतात किंवा बधिरपणा आहे, त्यांनी आधी कोपऱ्यातल्या टेबलाशी पाय तपासून घ्या. ज्यांना आधीपासून हृदयाचा त्रास आहे, त्यांनी डॉक्टरांना भेटून मगच या. बाकीचे उठा, आवारात दहा मिनिटं फेऱ्या मारू. सिस्टर सोबत आहेत, ग्लुकोज त्यांच्याकडे आहे. तुमचे प्रश्न चालता चालता विचारा.