कर्वेनगरची घरगुती डबा सेवा: जेवण उत्तम, खाड्यांचा हिशेब सुधारायला हवा

कर्वेनगरमधील एका काकूंच्या स्वयंपाकघरातून आमच्याकडे कोथरूडला गेल्या पावसाळ्यापासून दुपारचा डबा येतो. काकू, त्यांच्या सूनबाई आणि पोळ्यांसाठी येणाऱ्या दोन मावशी मिळून हे काम करतात. महिन्याला २६ डबे, रविवारी सुट्टी आणि पैसे आगाऊ, अशी पद्धत आहे. चार पोळ्यांच्या मोठ्या डब्याचे ३,००० रुपये आणि दोन पोळ्यांच्या छोट्या डब्याचे २,४०० रुपये होतात. मी घरूनच नोकरी करतो, त्यामुळे मोठा डबा माझा असतो आणि छोटा माझ्या वडिलांचा. वडिलांना मधुमेह आहे आणि ते जेवणाआधी इन्सुलिन घेतात. पुढील अभिप्राय वाचताना ही बाब लक्षात ठेवावी, कारण डबा वेळेवर येण्याला आमच्या घरी इतरांपेक्षा जास्त महत्त्व आहे.

चवीबाबत माझे मत अतिशय चांगले आहे. महिनाभर डबा खाणाऱ्याला त्रास होतो तो वाईट चवीचा नव्हे, तर एकाच चवीचा. सगळ्या भाज्यांना तोच कांदा-टोमॅटोचा रस्सा आणि वर तेलाचा तवंग असला की तिसऱ्या आठवड्यात डबा उघडावासा वाटत नाही. इथे तसे होत नाही. गवारीला ओवा आणि दाण्याचे कूट, पडवळाला भिजवलेली हरभरा डाळ, चाकवताला ताक, शेपूला मूगडाळ आणि लसूण, अशी प्रत्येक भाजी आपापल्या वळणाने केलेली असते. आमटी एक दिवस गोडा मसाला, आमसूल आणि गूळ घालून, तर दुसऱ्या दिवशी नुसत्या जिऱ्या-मिरचीच्या फोडणीची असते. बुधवारी पोळीऐवजी ज्वारीची भाकरी आणि पिठले किंवा झुणका असतो. एकादशीला आधी सांगून ठेवल्यास भगर आणि दाण्याची आमटी मिळते. चातुर्मासात कांदा-लसूण न खाणाऱ्यांचे डबे वेगळे भरले जातात आणि त्यावर खूण केलेली असते. माझी तक्रार एकच आहे. दर सोमवारी मटकी आणि दर गुरुवारी बटाटा हे गणित सहसा बदलत नाही. वाल, चवळी आणि मसूर यांनाही आठवड्यात जागा मिळायला हवी.

प्रमाण पुरेसे आहे. पोळ्या मध्यम आकाराच्या आणि घडीच्या असतात, भाजीचा पुडा काठोकाठ भरलेला असतो आणि आमटी दोन वाट्या सहज निघते. भात मात्र मोठ्या आणि छोट्या डब्यात जवळजवळ सारखाच असतो. वडिलांना भात कमी लागतो, म्हणून त्याऐवजी कोशिंबीर वाढवून द्यावी अशी विनंती केली आणि ती त्याच आठवड्यापासून मान्य झाली. त्यासाठी जादा पैसे घेतले नाहीत, हे इथे आवर्जून नोंदवतो.

स्वच्छतेची खात्री करून घेण्यासाठी मी पैसे भरण्यापूर्वी स्वयंपाकघर पाहायला गेलो होतो. कोणतीही कुरकुर न करता त्यांनी आत येऊ दिले. ओटा कोरडा होता, चिरलेली भाजी झाकलेली होती, पोळ्या लाटणाऱ्या मावशींच्या डोक्याला रुमाल बांधलेला होता आणि एफएसएसएआयचे नोंदणीपत्र भिंतीवर लावलेले होते. डबे स्टीलचे आहेत. प्रत्येक ग्राहकाचे दोन संच फिरते ठेवलेले असून, आपण धुऊन परत दिलेला डबा तिथे पुन्हा गरम पाण्याने धुतला जातो. तरीही एकदा आमटीच्या पुड्याच्या झाकणाच्या कडेला जुन्या तेलाचा चिकटपणा बोटाला लागला. फोटो पाठवल्यावर दुसऱ्या दिवशी त्या पुड्याचे झाकण बदलून आले. पोळ्या सुरुवातीला ॲल्युमिनियम फॉईलमध्ये गुंडाळलेल्या असत. गरम पोळी तशीच बांधली की आतून वाफ धरते, खालच्या पोळीचा पदर ओला होऊन कागदाला चिकटतो आणि वडिलांच्या पानात फाटकी पोळी येते. आता पोळ्या थोड्या निवू देऊन सुती फडक्यात बांधल्या जातात आणि फडके रोज बदललेले असते. उन्हाळ्यात काकडीची दही घातलेली कोशिंबीर पोहोचेपर्यंत आंबायची. तेव्हापासून दही वेगळ्या डबीत येते, आपण जेवताना कालवायचे.

डबा पोहोचण्याची ठरलेली वेळ साडेबारा आहे आणि एरवी तो दहा मिनिटे इकडेतिकडे येतो. पावसात कर्वे रस्त्यावर कोंडी झाली की एक वाजून जातो. हे समजण्यासारखे आहे, परंतु उशीर होणार असल्याचे कळवले जात नव्हते ही गोष्ट गंभीर होती. इन्सुलिन घेतल्यानंतर जेवण लांबले तर साखर घसरण्याचा धोका असतो. हे काकूंना समजावून सांगितल्यापासून डबा घेऊन येणारा मुलगा निघताना फोन करतो आणि आम्हीही डबा हातात पडल्याशिवाय इन्सुलिन देत नाही. ज्यांच्या घरी असे पथ्य आहे त्यांनी पहिल्याच दिवशी हे स्पष्ट सांगावे.

आता खाड्यांविषयी. नियम असा आहे की आदल्या रात्री नऊपर्यंत व्हॉट्सॲपवर कळवायचे, सलग दोन दिवसांपेक्षा कमी खाडा धरला जात नाही, महिन्यात जास्तीत जास्त आठ खाडे मिळतात आणि तेवढे दिवस पुढच्या महिन्यात वाढवून दिले जातात. पैसे परत मिळत नाहीत. दिवाळीत स्वयंपाकघर बंद असते ते दिवस मात्र न मागता वाढवून मिळतात. भाजी आदल्या संध्याकाळी आणली जाते, त्यामुळे रात्री नऊची मर्यादा मला रास्त वाटते. परंतु वडिलांना एकदा पहाटे अचानक रुग्णालयात न्यावे लागले आणि मी सकाळी सात वाजता तीन दिवसांचा खाडा कळवला, तेव्हा तिन्ही दिवस नाकारण्यात आले. पहिल्या दिवसाचे मी समजू शकतो. उरलेले दोन दिवस नियमातच बसत होते. बोलणे झाल्यावर ते दोन दिवस मिळाले, पण ते मागावे लागले. मागितले नसते तर दोन्ही डबे धरून ४०० रुपयांहून अधिक गेले असते, आणि एकट्या विद्यार्थ्याला किंवा वृद्ध जोडप्याला असा वाद घालणे जमेलच असे नाही.

दुसरी अडचण नोंदीची आहे. खाडे वहीत हाताने लिहिले जातात. एका महिनाअखेरीस त्यांच्या वहीत आणि माझ्या संदेशांत दोन दिवसांचा फरक निघाला. संदेश दाखवल्यावर काकूंनी लगेच चूक दुरुस्त केली, त्यांच्या हेतूबद्दल मला किंचितही शंका नाही. तरी खाड्याच्या प्रत्येक संदेशाला ‘नोंदले’ एवढे उत्तर आणि सोबत शिल्लक दिवसांचा आकडा यावा, तसेच आजारपणाच्या प्रसंगी एक दिवसाचा खाडाही धरला जावा, अशी माझी लेखी विनंती आहे. पहिली गोष्ट पुढच्या महिन्यापासून करू, असे सूनबाईंनी मान्य केले आहे. दुसरीवर अजून उत्तर आलेले नाही.

दोन्ही डबे आम्ही पुढच्या महिन्यासाठी चालू ठेवले आहेत. नव्याने लावणाऱ्यांनी आधी आठवडाभराचा डबा घेऊन पाहावा, तशी सोय ७५० रुपयांत आहे. ज्यांना कामानिमित्त वारंवार एकेका दिवसासाठी बाहेरगावी जावे लागते, त्यांनी मात्र महिन्याचे पैसे भरण्याआधी खाड्यांचे नियम संदेशावर लिहून मागावेत.