प्रकरण १ : प्रास्ताविक – ‘धर्म’ म्हणजे काय धरायचे?

सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेत नंदीध्वज, म्हणजे मानाची उंच काठी, पेलणाऱ्या एका तरुणाला मी विचारले, “देवावर विश्वास आहे?” कमरेचा पट्टा आवळत तो म्हणाला, “ते नंतर बघू, आधी काठीचा तोल.” या प्रबंधाची पहिली अडचण त्या उत्तरात आहे.

टायलरने १८७१ मध्ये धर्माची किमान व्याख्या ‘आत्मिक सत्तांवरील श्रद्धा’ अशी केली. ही आशयनिष्ठ व्याख्या सीमा स्पष्ट आखते, पण धर्म डोक्यात शोधते. खांद्यावरची काठी तिच्या नजरेतून सुटते. कार्यनिष्ठ व्याख्या धर्म काय करतो ते पाहते. दुर्खीमची १९१२ची व्याख्या पवित्र गोष्टींपासून सुरू होत असली, तरी तिचा भर समूह बांधण्यावर आहे. मात्र एवढाच निकष लावला, तर क्रिकेटचा सामना आणि प्रचारसभाही धर्मात मोडतील. त्याहून मोठा धोका वेगळाच. यात्रा शहर जोडते की मानपानावरून ताणते, हा माझा मूळ प्रश्न आहे. ‘जोडणे’ व्याख्येतच घातले, तर उत्तर आधीच ठरले!

म्हणून १९६६ मधील स्पायरोच्या मांडणीच्या आधारे मी अशी कामचलाऊ व्याख्या घेते : धर्म म्हणजे अतिमानवी मानलेल्या सत्तांशी समूहाने रूढ रीतींनी राखलेला व्यवहार. यात अडुसष्ट लिंगांचा तैलाभिषेक बसतो, अक्षता सोहळा बसतो, आणि श्रद्धेचा प्रश्न पुढे ढकलणारा तो तरुणही. गड्ड्यावरचे, म्हणजे यात्रेनिमित्त भरणाऱ्या जत्रेतले, आकाशपाळणे बसत नाहीत. त्यांचा विचार चौथ्या प्रकरणात, यात्रेचा परिसर म्हणून केला आहे.