तन्वीचे मेसेज आणि मॅडमना जाणारे तीन अहवाल

आठवडा पहिला

तन्वी, या आठवड्यात तू मॅडमना व्हॉट्सॲपवर टाकलेलं आधी जसंच्या तसं ठेवलंय. त्याखालचा अहवाल आज चार वाजेपर्यंत त्यांच्या ईमेलवर जाऊ दे. पाचनंतर त्या डिस्पॅचला असतात.

> सोमवार: मॅडम ब्रिक्स कमीच येतोय आज 😐
> सोमवार: आंबा बहुतेक बेकार आलाय
> मंगळवार: साका पण जाम निघाला, नुसता पांढरा
> गुरुवार: ॲसिडिटीला गुलाबी रंग दिसतच नाही, काय करू??
> शुक्रवार: मॅडम बघितलं का

"आंबा बेकार" हा निष्कर्ष झाला. रीडिंग किती, नमुना कुठून घेतला आणि किती गरम होता, यातलं काहीच मेसेजात नाही. तुझ्या वहीत मात्र ते सगळं आहे, म्हणून खालचे आकडे तिथूनच उचललेत. "बघितलं का" काढून टाकलंय. उत्तर कधीपर्यंत हवं ते विनंतीतच लिहिलं की मागे लागावं लागत नाही.

विषय: साप्ताहिक अहवाल १ (५ ते १० मे), पल्प लाइन

सावंत मॅडम,
सादर नमस्कार.

या आठवड्यात ३४ बॅचचा ब्रिक्स, पीएच आणि आम्लता तपासून नोंदवहीत भरली. ३१ बॅचचा ब्रिक्स १६.८ ते १८.६ आहे. सोमवारच्या ०७, ०८ आणि ०९ या बॅच १५.२ ते १५.६ आल्या. आपली किमान मर्यादा १६ आहे.

या तिन्ही बॅचचे नमुने मी प्रीहीटरनंतरच्या नळावरून घेऊन गरम असतानाच रिफ्रॅक्टोमीटरवर ठेवले. या रिफ्रॅक्टोमीटरची तापमान-दुरुस्ती ३० अंश सेल्सिअसपर्यंतच चालते आणि त्याहून गरम पल्पचा ब्रिक्स कमी दिसतो. बॅच ०८ चा राखून ठेवलेला नमुना २८ अंशांवर आणून पुन्हा तपासला. आधी १५.२ होता, तो १६.४ आला. ०७ आणि ०९ चे नमुने मी राखले नव्हते, त्यामुळे त्यांची फेरतपासणी डबा फोडूनच करता येईल. मंगळवारपासून प्रत्येक नमुना झाकून, ३० अंशांखाली आणूनच तपासते आहे.

मंगळवारी लॉट १४ मधली २०० फळे कापली. त्यातल्या २३ फळांत (११.५ टक्के) साका होता. बाकीच्या लॉटमध्ये हे प्रमाण ३ ते ४ टक्के होते. फळ बाहेरून चांगले दिसते, कापल्यावरच कळते, आणि साक्याचा गर पांढरट व आंबट असतो. लॉट १४ चा पल्प सोमवारच्या बॅचमध्ये गेलेला नाही, त्यामुळे तिथल्या कमी ब्रिक्सचा साक्याशी संबंध नाही.

अडचण: आम्लता काढताना फिनॉल्फ्थॅलीनचा गुलाबी रंग पल्पच्या केशरी रंगात दिसत नाही. एकाच नमुन्याची माझी दोन टायट्रेशन ०.९ मिलिलिटरने वेगळी आली.

विनंती:
१. टायट्रेशनचा शेवट रंगाऐवजी पीएच मीटरवर ८.१ ला धरण्याची परवानगी मिळावी. बॅच ३० वर करून पाहिले: १० ग्रॅम पल्पला ०.१ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड ७.८ मिलिलिटर लागले, म्हणजे सायट्रिक आम्ल ०.५० टक्के. दुसऱ्या वेळी ७.९ लागले.
२. बॅच ०७ आणि ०९ चा प्रत्येकी एक डबा फोडण्यास परवानगी द्यावी. दोन्ही बॅच बुधवार, १४ मे रोजी डिस्पॅचच्या यादीत आहेत, म्हणून मंगळवारी दुपारपर्यंत कळल्यास बरे होईल.

आपली,
तन्वी
प्रशिक्षणार्थी, गुणवत्ता प्रयोगशाळा

आठवडा दुसरा

> सोमवार: मॅडम पीएच मीटर पागल झालाय
> सोमवार: सगळ्यांना ४.४ दाखवतोय 😭
> सोमवार: दादांना सांगितलं, त्यांनी सायट्रिक टाकलं
> मंगळवार: मीटर बदलायला सांगा ना
> बुधवार: सॉरी मॅडम ते बहुतेक माझ्याकडूनच झालं
> बुधवार: आता काय होणार 🙈

हा आठवडा नाजूक आहे, म्हणून अहवालही लांबलाय. मीटर पागल झाला नव्हता. इलेक्ट्रोड डिस्टिल्ड वॉटरमध्ये राहिला आणि सोमवारी तू एकाच बफरवर कॅलिब्रेशन केलंस. "दादांनी टाकलं" हेही मी तसं ठेवलेलं नाही. त्यांनी तुझ्या रीडिंगवर विसंबून टाकलं. ऑपरेटरवर ढकलल्यासारखं दिसलं तर मॅडम बाकीचं वाचायच्या आधी तेच विचारतील.

चूक एकदाच, दुसऱ्या परिच्छेदात लिहिलीय. माफीही एकदाच. पहिल्या ओळीत मॅडमना हवे आहेत ते डबे: किती आणि कुठे.

विषय: साप्ताहिक अहवाल २ (१२ ते १७ मे), बॅच ४३ व ४४ होल्डवर, निर्णय हवा

सावंत मॅडम,
सादर नमस्कार.

बॅच ४३ आणि ४४ चे मिळून १,१५५ डबे (८५० ग्रॅमचे) शिफ्ट सुपरवायझरांनी सोमवारी दुपारी होल्डवर ठेवले आहेत. ते गोडाउनच्या पश्चिमेकडील रांगेत, लाल पट्टी लावून वेगळे आहेत. या दोन्ही बॅचमध्ये गरजेपेक्षा जास्त सायट्रिक ॲसिड गेले आहे.

कारण माझ्या कामातले आहे. शनिवारी, १० मे रोजी संध्याकाळी मी पीएच मीटरचा इलेक्ट्रोड पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणाऐवजी डिस्टिल्ड वॉटरमध्ये ठेवून गेले. सोमवारी सकाळी घाईत फक्त ७.०० च्या बफरवर कॅलिब्रेशन केले, ४.०१ चा बफर तपासला नाही. त्यामुळे मीटर पीएच जास्त दाखवत होता. बॅच ४३ आणि ४४ चे रीडिंग ४.४० आले. आपली मर्यादा ४.२ असल्याने मी लाइन ऑपरेटरना तसे कळवले आणि त्यांनी प्रत्येक ५०० किलोच्या बॅचमध्ये ४०० ग्रॅम सायट्रिक ॲसिड वाढवले. याबद्दल मी दिलगीर आहे.

दुपारी ४.०१ चा बफर लावला तेव्हा मीटरने ४.४३ दाखवले. यावरून इलेक्ट्रोडचा स्लोप ८६ टक्के निघतो. चांगल्या इलेक्ट्रोडचा ९५ च्या वर असावा. त्याच हिशेबाने सकाळचे ४.४० म्हणजे प्रत्यक्षात सुमारे ३.९८:

```
7.00 - (7.00 - 4.40) / 0.86 = 3.98
```

म्हणजे पल्प आधीच मर्यादेत होता. चूक जास्त पीएच दाखवण्याच्या बाजूची आहे, त्यामुळे सुरक्षिततेचा प्रश्न येत नाही. डबे उकळत्या पाण्यात प्रक्रिया करून चालतात ते पीएच ४.६ च्या खाली असल्यामुळे, आणि हे डबे त्याच्या बरेच खाली आहेत. प्रश्न चवीचा आहे. जादा ॲसिडने आम्लता ०.०८ टक्क्याने वाढली: दोन्ही बॅच ०.५० वरून ०.५८ वर.

सोमवारी सकाळच्या ४१, ४२, ४५ आणि ४६ या बॅचचे रीडिंगही याच मीटरचे होते. त्यांत ॲसिड वाढवलेले नाही. चारही राखीव नमुने दुसऱ्या मीटरवर तपासले: ३.९४ ते ४.०३. नोंदवहीतल्या जुन्या आकड्यांवर एक रेघ मारून, शेजारी नवे आकडे तारीख आणि सहीसह लिहिले आहेत. जुने आकडे वाचता येतात.

अडचण: इलेक्ट्रोड रात्रभर ३ मोलर पोटॅशियम क्लोराइडमध्ये ठेवल्यावर स्लोप ९३ पर्यंत आला, पण रीडिंग स्थिर व्हायला दीड मिनिट लागते. पल्पचे तंतू जंक्शनमध्ये अडकले असावेत. कोमट पाणी आणि सौम्य डिटर्जंटने धुऊनही फारसा फरक नाही. दुसरा मीटर सिरपच्या खोलीत लागतो, तो दिवसभर मिळत नाही.

विनंती:
१. होल्डवरचे डबे तसेच पाठवायचे, की ०.४५ च्या आसपास आम्लता असलेल्या बॅचमध्ये मिसळायचे, हे आपण ठरवून द्यावे. मिसळायचे झाल्यास डबे फोडून पुन्हा प्रक्रिया करावी लागेल. चव पाहण्यासाठी दोन्ही बॅचचे तीन-तीन डबे प्रयोगशाळेत आणून ठेवले आहेत.
२. नवा इलेक्ट्रोड आणि ४.०१ च्या बफरची एक बाटली मागवावी. आताची बाटली मार्चमध्ये उघडलेली आहे.
३. नवा इलेक्ट्रोड येईपर्यंत रोज सकाळी ८ ते ९ सिरपच्या खोलीतला मीटर मिळावा.

मंगळवारपासून प्रत्येक शिफ्टला दोन्ही बफर लावून स्लोप नोंदवहीच्या पहिल्या रकान्यात लिहिते आहे. ९५ च्या खाली आला तर रीडिंग लाइनवर देण्याआधी दुसऱ्या मीटरवर पडताळते.

आपली,
तन्वी

आठवडा तिसरा

> बुधवार: लाइट गेली, काहीच झालं नाही आज
> गुरुवार: मॅडम पुढच्या बुधवार गुरुवार येणार नाही प्रॅक्टिकल आहे, ओके ना?
> गुरुवार: सर्टिफिकेट पण हवंय कॉलेजला

"काहीच झालं नाही" हे खरं नाही. तू नऊ नमुने फ्रिजमध्ये ठेवून संध्याकाळी तपासलेस. आणि "येणार नाही, ओके ना" ही रजा मागणं नव्हे, कळवणं झालं.

विषय: साप्ताहिक अहवाल ३ (१९ ते २४ मे), रजेची विनंती

सावंत मॅडम,
सादर नमस्कार.

नवा इलेक्ट्रोड सोमवारी बसवला. स्लोप ९८, रीडिंग २० सेकंदांत स्थिर. आपण सांगितल्याप्रमाणे बॅच ४३ आणि ४४ चे डबे तसेच पाठवण्यासाठी सोडले. सुटका-पत्र फाइलमध्ये लावले आहे. या आठवड्यात ३८ बॅच तपासल्या, सर्व मर्यादेत आहेत.

अडचण: बुधवारी वळवाच्या पावसात १०.४० ते ३.१५ वीज नव्हती. जनरेटर लाइन आणि सीमरलाच जोडलेला आहे, प्रयोगशाळेला नाही. त्या वेळातल्या ९ बॅचचे नमुने फ्रिजमध्ये ठेवले आणि संध्याकाळी सहापर्यंत तपासले. तोवर लाइनला रीडिंग देता आले नाही. पावसाळा तोंडावर असल्याने हे पुन्हा होईल.

विनंती:
१. प्रयोगशाळेचा पीएच मीटर आणि तराजू यांच्यासाठी जनरेटरचा एक पॉइंट मिळावा. इलेक्ट्रिशियन म्हणाले, सीमरच्या पॅनेलवरून १५ मीटर वायर लागेल.
२. महाविद्यालयाची प्रात्यक्षिक परीक्षा असल्याने गुरुवार, २९ आणि शुक्रवार, ३० मे अशी दोन दिवस रजा मिळावी. त्या दिवसांतली तपासणी करण्यास प्रयोगशाळेतल्या ताई तयार आहेत; त्यांना नोंदवही आणि राखीव नमुन्यांची यादी बुधवारी संध्याकाळी देऊन जाईन.
३. प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र महाविद्यालयाला १६ जूनपर्यंत हवे आहे. मसुदा सोबत जोडला आहे. आपल्या सवडीने पाहावा, ही विनंती.

आपली,
तन्वी

पाठवण्याआधी एक बघ: मेसेजात तू बुधवार-गुरुवार लिहिलं होतंस, परीक्षेच्या पत्रकात २९ आणि ३० आहे. मी पत्रकाप्रमाणे ठेवलंय. आणि तिसऱ्या विनंतीतला मसुदा अजून जोडलेला नाही.