अँटिबायोटिक रेझिस्टन्स: सातव्या लेक्चरचं मराठी सार

मयूर, सूक्ष्मजीवशास्त्राच्या सातव्या लेक्चरचं हे सार. ट्रान्सक्रिप्ट बावन्न मिनिटांचं आहे. त्यातली पहिली सहा मिनिटं हजेरी आणि प्रॅक्टिकलच्या बॅचेसमध्ये गेलीत, ती सोडून दे. संज्ञा इंग्रजीच ठेवल्यात, कारण पेपरात त्याच लिहायच्यात. दहावीपर्यंत तू जे मराठी शब्द शिकलास ते जिथे उपयोगी पडतील तिथे जोडलेत. ट्रान्सक्रिप्ट मशीननं टाइप केलंय, त्यामुळे बीटा-लॅक्टम सगळीकडे ‘बेटर लॅक्टम’ असं पडलंय. ‘बेटर’ दिसलं की बीटा वाच.

मुख्य मुद्दा

‘सारख्या गोळ्या खाऊन अंगाला औषधाची सवय झाली’ असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. सर जवळजवळ सगळा तास हे खोडून काढण्यात घालवतात. रेझिस्टन्स माणसाच्या शरीरात येत नाही, तो जिवाणूंमध्ये येतो. आणि औषध पाहून एखादा जिवाणू शहाणा होतो असंही नाही. कोट्यवधी जिवाणूंमध्ये दोन-चार आधीपासूनच वेगळे असतात. औषधानं बाकीचे मरतात, हे उरतात आणि मोकळ्या जागेत वाढतात. याला सिलेक्शन म्हणतात, दहावीतली ‘नैसर्गिक निवड’ ती हीच. औषध रेझिस्टंट जिवाणू घडवत नाही, निवडतं. पुढचं सगळं या एका वाक्यावर बेतलेलं आहे.

इम्युनिटी हा शब्द इथे चुकूनही वापरू नकोस. ती आपल्या शरीराची रोगप्रतिकारशक्ती. मराठीत विचार करताना दोन्हींना ‘प्रतिकार’च सुचतं आणि उत्तरात घोळ होतो.

पेनिसिलिन नेमकं काय करतं (०९:३० ते १९:००)

इतिहास सरांनी भराभर आटोपलाय. १९२८ मध्ये लंडनच्या सेंट मेरीज हॉस्पिटलात अलेक्झांडर फ्लेमिंगला बुरशीभोवतीचे जिवाणू विरघळलेले दिसले. फ्लोरी, चेन आणि हीटली यांनी ऑक्सफर्डला त्याचं औषध केलं. १९४५ चं नोबेल फ्लेमिंग, फ्लोरी आणि चेन यांना मिळालं, हीटली राहून गेला. आपल्याकडे १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी निघाली. तिथे शोधलेलं हॅमायसिन हे बुरशीविरुद्धचं औषध ज्या सूक्ष्मजीवापासून मिळालं, त्याचं नावच ‘स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना’ आहे. परीक्षेला येणार नाही, पण पिंपरीला मामाकडे जाशील तेव्हा सांगायला बरं.

आता कामाचं. जिवाणूच्या पेशीभित्तिकेत पेप्टिडोग्लायकन असतं: साखरेच्या लांब साखळ्या आणि त्यांना आडवे बांधणारे अमिनो आम्लांचे छोटे दुवे. हे आडवे दुवे जोडणाऱ्या विकराचं, म्हणजे एन्झाइमचं, नाव ट्रान्सपेप्टिडेज. पेनिसिलिन याच एन्झाइमला जाऊन चिकटतं, म्हणून त्याला पेनिसिलिन-बाइंडिंग प्रोटीन, पीबीपी, असंही म्हणतात. दोन नावं पाहून दोन वेगळ्या गोष्टी समजू नकोस.

पेनिसिलिन तयार भिंत फोडत नाही, नवी बांधू देत नाही. वाढणाऱ्या जिवाणूत जुनी भिंत थोडी तोडायची आणि नवी जोडायची असं सतत चालू असतं. जोडणं थांबतं, तोडणं चालूच राहतं. पेशीच्या आत क्षारांचं प्रमाण बाहेरच्यापेक्षा जास्त, त्यामुळे परासरणानं, म्हणजे ऑस्मोसिसनं, पाणी आत शिरतं आणि कमकुवत जागी पेशी फुटते. यावरून तीन गोष्टी आपोआप समजतात आणि सर हेच फिरवून विचारतात. न वाढणाऱ्या जिवाणूवर पेनिसिलिन फारसं चालत नाही. मायकोप्लाझ्माला भित्तिकाच नाही, म्हणून त्याच्यावर मुळीच चालत नाही. आणि आपल्या पेशींनाही भित्तिका नाही, म्हणून ते आपल्याला मारत नाही. जंतूला मारायचं आणि रुग्णाला जपायचं, या गुणाला सिलेक्टिव्ह टॉक्सिसिटी म्हणतात.

बाकीच्या औषधांची लक्ष्यं सरांनी दोन मिनिटांत गुंडाळलीत. स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लिन रायबोसोमवर, म्हणजे प्रथिनं बनण्याच्या जागी. रिफॅम्पिसिन आरएनए पॉलिमरेजवर. सिप्रोफ्लॉक्सासिन डीएनए गायरेजवर. सल्फा औषधं फॉलिक आम्ल तयार होण्यावर: ते आपण अन्नातून घेतो, पण बरेचसे जिवाणू स्वतःच बनवतात. जिवाणूचा रायबोसोम ७०एस, तो ५०एस आणि ३०एस अशा दोन भागांचा; आपल्या पेशीद्रवातला ८०एस. ५० आणि ३० मिळून ८० का होत नाहीत हे तू विचारशीलच. ‘एस’ हे वजन नाही, सेंट्रिफ्यूजमध्ये कण किती वेगानं खाली बसतो त्याचं माप आहे, म्हणून बेरीज जमत नाही.

आधीपासून होते हे कशावरून? (१९:०० ते २७:४०)

इथे ट्रान्सक्रिप्ट फार तुटक आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. ल्युरिया आणि डेलब्रुक यांचा १९४३ चा फ्लक्चुएशन टेस्ट. यात अँटिबायोटिक नव्हतं, जिवाणूंना मारणारा विषाणू म्हणजे फाज होता, तर्क मात्र तोच.

अनेक नळ्यांत थोडे थोडे ई. कोलाय घालून वेगवेगळे वाढवले. मग प्रत्येक नळीतले जिवाणू फाज पसरलेल्या प्लेटवर टाकले आणि किती वाचले ते मोजलं. फाजशी गाठ पडल्यामुळे म्युटेशन, म्हणजे उत्परिवर्तन, होत असेल, तर सगळ्या नळ्यांना संधी सारखीच. मग आकडेही साधारण सारखे यायला हवेत. प्रत्यक्षात बहुतेक नळ्यांत शून्य किंवा दोन-चार, आणि एकीत ३५, एकीत ६४, एकीत १०७. हे तेव्हाच शक्य आहे, जेव्हा म्युटेशन फाज दिसण्याआधी, नळीत वाढतानाच झालेलं असतं. ते लवकर झालं तर त्या एकाची पिल्लावळ मोठी, उशिरा झालं तर छोटी. आकड्यांमधला हा चढउतार म्हणजेच फ्लक्चुएशन.

सरांनी याला जोड दिलीय ती मला फार आवडली. पेनिसिलिन तोडणारं एन्झाइम अब्राहम आणि चेन यांनी १९४० मध्येच नोंदवलं होतं. ऑक्सफर्डच्या ज्या पोलीस शिपायाला ते औषध पहिल्यांदा उपचार म्हणून दिलं, ते १९४१ मध्ये. म्हणजे रोग्याला औषध मिळण्याआधी त्यावरचा तोड जिवाणूंकडे हजर होता.

जिवाणू वाचतात कसे (२७:४० ते ३५:००)

सर चार वाटा सांगतात. पहिली, औषधच तोडायचं. पेनिसिलिनमधल्या चार अणूंच्या कड्याला बीटा-लॅक्टम रिंग म्हणतात, ते कडं फोडणारं एन्झाइम बीटा-लॅक्टमेज. अमॉक्सिसिलिनच्या गोळीत क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड घालतात ते यासाठीच. ते स्वतः जिवाणूला फारसं मारत नाही, या एन्झाइमला अडकवून ठेवतं. दुसरी, लक्ष्य बदलायचं. एमआरएसए या स्टॅफिलोकॉकसकडे मेक-ए नावाचा जीन असतो. त्यापासून पीबीपी-२ए हे वेगळं ट्रान्सपेप्टिडेज बनतं, त्याला पेनिसिलिनच्या कुळातली बहुतेक औषधं नीट चिकटतच नाहीत. ब्रिटनमध्ये एमआरएसए १९६१ मध्ये नोंदला गेला. तिसरी, आलेलं औषध बाहेर फेकायचं: एफ्लक्स पंप, उदाहरण टेट्रासायक्लिन. चौथी, आतच येऊ द्यायचं नाही, ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणूंच्या बाह्यपटलातली छिद्रं, म्हणजे पोरिन, कमी करून.

पाच मार्कांना एवढं पुरे. पण प्रत्येक वाटेबरोबर एक औषध लिही, नुसती नावं लिहिलीस तर अर्धे मार्क जातील.

प्लास्मिड (३५:०० ते ४१:००)

म्युटेशननं मिळालेला गुण आईकडून लेकीकडे जातो. पण जिवाणूंमध्ये तो शेजाऱ्याकडेही जातो, त्याला हॉरिझॉन्टल जीन ट्रान्सफर म्हणतात. प्लास्मिड म्हणजे मुख्य गुणसूत्राबाहेरचं डीएनएचं छोटं, बहुधा गोल कडं. दोन जिवाणू जोडले जाऊन प्लास्मिड पलीकडे जातं ते कॉन्जुगेशन. तू वर्गात नोट्सची झेरॉक्स देतोस तसं समज: घेणाऱ्याला प्रत मिळते, देणाऱ्याकडचं काही जात नाही. हे दोन वेगळ्या जातींमध्येही घडतं, आणि एकाच प्लास्मिडवर चार-पाच औषधांविरुद्धचे जीन्स असू शकतात. मोकळं पडलेलं डीएनए उचलणं ते ट्रान्सफॉर्मेशन, फाजमार्फत आलं तर ट्रान्सडक्शन. ही तिन्ही नावं आलटून पालटून विचारतात.

टीबीला चार औषधं का (४१:०० ते ४६:००)

लेक्चरमधला हा सगळ्यात चांगला भाग, शक्य झालं तर मूळ ऐक. टीबीच्या जंतूंमध्ये आयसोनायझिडला न जुमानणारा साधारण दहा लाखांत एक असतो, रिफॅम्पिसिनला न जुमानणारा दहा कोटींत एक. फुफ्फुसातल्या एका मोठ्या पोकळीत दहा कोटींच्या आसपास जंतू असू शकतात. एकच औषध दिलं तर वाचणारे निघणारच. पण दोन्हींना एकदम न जुमानणारा हवा तर शक्यतांचा गुणाकार करायचा: एक कोटी कोटींत एक. एवढे जंतू रुग्णाच्या अंगात नसतातच. म्हणून सुरुवातीला चार औषधं एकत्र देतात, आणि म्हणूनच त्यातली एखादी गोळी परस्पर गाळणं धोक्याचं.

‘कोर्स पुरा करा’ हे टीबीला काटेकोर लागू आहे. साध्या संसर्गात मात्र जास्त दिवस औषध घेतलं म्हणजे जास्त सुरक्षित, असं सर म्हणत नाहीत. प्रत्येक जादा गोळीबरोबर आतड्यातल्या निरुपद्रवी जिवाणूंमध्येही सिलेक्शन होतं. किती दिवस ते डॉक्टरांनी ठरवायचं, मेडिकलवाल्यानं नाही आणि आपणही नाही. कमी मात्रेबद्दल फ्लेमिंगनं नोबेल व्याख्यानातच बजावलं होतं.

प्रॅक्टिकलसाठी

शेवटची सहा मिनिटं डिस्क डिफ्यूजनची, गुरुवारी तुझ्या बॅचला हेच आहे. म्युलर-हिंटन अगार साधारण ४ मिमी जाड हवं, पातळ झालं तर वर्तुळ खोटंच मोठं येतं. जिवाणू पसरून वर औषधाच्या चकत्या ठेवायच्या, ३५ अंशांवर १६ ते १८ तास. चकतीभोवती जिथे वाढ नाही ते झोन ऑफ इनहिबिशन. व्यास चकतीसकट मोजायचा. झोन आलाच नाही तर शून्य लिहू नकोस, चकतीचा व्यास, म्हणजे ६ मिमी, लिही. आणि दोन औषधांचे झोन एकमेकांशी ताडून ‘मोठं ते चांगलं’ म्हणू नकोस. व्हॅनकोमायसिनचा रेणू मोठा, तो अगारमध्ये हळू पसरतो, त्याचं वर्तुळ लहानच येणार. प्रत्येक औषधाचा आकडा त्याच्या स्वतःच्या तक्त्यातल्या मर्यादेशीच पडताळायचा. तो तक्ता लॅबच्या भिंतीवर, इन्क्युबेटरच्या वर लावलाय. जाताना वहीत उतरवून घे, मोजायच्या वेळी तिथे गर्दी होते.

— ताई