सानिकाला पत्र: हिमॅटॉलॉजी आणि कन्सेप्ट मॅप

प्रिय सानिका,

तुझा मेसेज वाचला, "सर, माझ्या डोक्यात हिमॅटॉलॉजी राहतच नाही" असं लिहिलंयस, ते मला पटत नाही. तुझा टेस्टचा पेपर मी परत नीट बघितला. अनेमियाचं क्लासिफिकेशन एकही चूक न करता लिहिलंयस, आयर्न स्टडीजचा टेबलही बरोबर. गडबड झाली ती केसमध्ये. ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसची पेशंट, हिमोग्लोबिन ९, एमसीव्ही ७८, सीरम आयर्न कमी, टीआयबीसी कमी, फेरिटिन २१०, आणि तू लिहिलंस आयर्न डेफिशियन्सी. म्हणजे पाठांतर आहे गं, पण एका गोष्टीचा दुसरीशी संबंध काय ते तुझ्यापाशी नाहीये, आणि केसमध्ये नेमकं तेच विचारतात.

तू पाठवलेला मॅपचा फोटो पण बघितला. मेहनत खूप घेतलीयस, रंग छान आहेत, पण पानभर चौकोन आणि त्यांना जोडणाऱ्या नुसत्या रेघा, हे इंडेक्स झालं, कन्सेप्ट मॅप नाही. जोसेफ नोवाक यांनी १९७२ मध्ये कॉर्नेलला ही पद्धत काढली तेव्हा त्यात मुख्य गोष्ट होती रेघेवरचे शब्द. दोन चौकोन आणि मधले शब्द मिळून एक पूर्ण वाक्य झालं पाहिजे, जे खरं किंवा खोटं ठरवता येईल. "इन्फ्लमेशन — हेप्सिडिन" असं लिहिलंस तर त्यात काहीच कळत नाही. "इन्फ्लमेशनमध्ये आयएल-६ वाढतं, ते लिव्हरला हेप्सिडिन जास्त बनवायला लावतं" हे लिहायला गेलीस की लगेच कळतं आपल्याला येतंय की नाही. जिथे क्रियापद सुचत नाही तिथे तुझा अभ्यास कच्चा आहे, एवढं सरळ आहे ते.

आता तीच केस घे, ती अनेमिया ऑफ क्रॉनिक डिसीजची आहे, आणि हेप्सिडिनपासून पुढे जा. हेप्सिडिन फेरोपोर्टिनला नष्ट करतं, फेरोपोर्टिन हा पेशीतून आयर्न बाहेर पडायचा एकमेव दरवाजा, तो बंद झाला की आयर्न मॅक्रोफेजमध्येच अडकतं, म्हणून साठा भरलेला (फेरिटिन नॉर्मल किंवा जास्त) आणि रक्तात मात्र आयर्न कमी. आयर्न डेफिशियन्सीत साठाच रिकामा, म्हणून फेरिटिन कमी, आणि लिव्हर ट्रान्सफेरिन जास्त बनवतं म्हणून टीआयबीसी वाढतं. बघ, जो टेबल तू घोकत बसली होतीस तो या चार-पाच बाणांतून आपोआप निघतो, पाठ करायचीच गरज नाही. आणि एक आडवा बाण नक्की टाक: फेरिटिन स्वतः इन्फ्लमेशनमध्ये वाढतं, त्यामुळे अशा पेशंटमध्ये फेरिटिन नॉर्मल दिसलं म्हणून आयर्नची कमतरता नाहीच असं म्हणता येत नाही. मॅपच्या दोन वेगळ्या फांद्या जोडणारे असे बाण मला सगळ्यात महत्त्वाचे वाटतात, कारण परीक्षेतले अवघड प्रश्न तिथूनच येतात.

सुरुवात कुठून करायची ते विचारलंयस. "हिमॅटॉलॉजी" असं मधोमध लिहू नकोस, त्याला अंत नाही. वर एक प्रश्न लिही: हिमोग्लोबिन का कमी झालं? पहिली फांदी रेटिक्युलोसाइट काउंटवर पाड. कमी असेल तर मॅरो पुरेशा पेशी बनवत नाहीये, जास्त असेल तर रक्त वाहून जातंय किंवा पेशी फुटतायत. फुटत असतील तर एलडीएच आणि इनडायरेक्ट बिलिरुबिन का वाढतं, हॅप्टोग्लोबिन का घटतं, प्रत्येक बाणावर कारण लिही. बी-१२ आणि फोलेट एकाच चौकोनात कोंबू नकोस, दोन्हींमुळे डीएनए बनणं अडतं आणि पेशी मोठ्या होतात हे खरं, पण मिथाइलमलोनिक ॲसिड फक्त बी-१२ च्या कमतरतेत वाढतं आणि हातापायांना मुंग्या, तोल जाणं ही लक्षणं पण तिकडचीच. कोअ‍ॅग्युलेशन सध्या बाजूला ठेव, त्याचा मॅप वेगळा करू.

पुस्तक बंद करून काढायचा हं मॅप, पेन्सिलने, कोऱ्या कागदावर. समोर पुस्तक असलं की आपण फक्त उतरवून काढतो. आठवतंय तेवढं काढ, मग पुस्तक उघड, आणि चुकलेले, राहिलेले बाण लाल पेनने घाल. दोन दिवसांनी तोच प्रश्न, नवा कागद. लाल बाण कुठे परत परत येतायत ते बघ, अभ्यास तेवढ्यावरच कर. सुबक दिसायची काही गरज नाही, खाडाखोड दिसली तर मला आनंदच होईल.

गुरुवारी येताना मायक्रोसायटिक अनेमियाचा एकच मॅप आण, दहा-बारा चौकोन पुरे, पण एकही बाण मुका नको. तू बोट ठेवून मला एकेक वाक्य मोठ्याने वाचून दाखवायचंस, मी मध्ये "का?" एवढंच विचारेन. थॅलेसेमिया ट्रेटमध्ये पेशी लहान असूनही फेरिटिन नॉर्मल का राहतं, हा बाण तू स्वतः शोधून आण, मी सांगणार नाही.

आणि रात्री दोनपर्यंत जागून वाचणं बंद कर, प्लीज.

तुझे,
ट्युटर सर